मुदत वाढली ती बिल्डरची. तुमच्या करारातली तारीख तीच आहे

पत्र : ऑगस्ट 2021 मध्ये डोंबिवलीत टू बीएचकेचा करार नोंदवला. किंमत 60 लाख, त्यातले 48 लाख दिले. 36 लाख बँकेचे, बाकी आमचे. करारात ताबा 31 डिसेंबर 2023. ती तारीख जाऊन दोन वर्षं झाली. स्लॅब सगळे पडलेत, आतल्या टाइल्स लागल्यात, पण बाहेरचं प्लास्टर अर्धवट आणि लिफ्टचा पत्ता नाही. बिल्डरच्या ऑफिसात सांगतात, ‘महारेराने मुदत डिसेंबर 2026 पर्यंत वाढवून दिलीय, आता तुम्हाला बोलता येणार नाही.’ वर नव्या तारखेच्या पूरक करारावर सही मागतात. उरलेले 12 लाख भरले तर ‘फर्निचरसाठी’ किल्ली लगेच देतो म्हणतात. हप्ता आणि घरभाडं दोन्ही चालू आहे. सही करावी का? बुकिंग रद्द करून पैसे परत घ्यावेत का? हप्ता थांबवला तर चालेल का?
— एक वाचक दाम्पत्य, डोंबिवली

नमस्कार,

आधी सहीचं बोलू, कारण ते तातडीचं आहे. सही करू नका. पूरक कराराचा मसुदा मात्र मागून घ्या, ‘घरी वाचून सांगतो’ म्हणा आणि त्याची झेरॉक्स जपून ठेवा. असे मसुदे मी बरेच पाहिलेत. पहिल्या पानावर जुन्या कराराचा गोडगोड उल्लेख असतो, दुसऱ्या पानावर नवी तारीख, आणि कुठेतरी मधल्याच कलमात एक वाक्य दडलेलं असतं : ‘आजवरच्या विलंबाबाबत खरेदीदाराची कोणतीही तक्रार अथवा मागणी उरलेली नाही.’ सगळा कागद त्या एका वाक्यासाठी केलेला असतो. माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांनी पार्किंगची जागा बदलून मिळते म्हणून अशी सही केली होती. पार्किंग मिळालं, पण अडीच वर्षांच्या व्याजाचा दावा लढवताना पहिली चार महिने त्या एका ओळीचाच अर्थ लावण्यात गेले.

आता ती मुदतवाढ. बिल्डर बोलतो ते खोटं नाही, अर्धंच आहे. 2016 च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता नियमन व विकास कायद्याखाली प्रत्येक प्रकल्पाची नोंदणी ठरावीक मुदतीची असते. ती संपत आली की बिल्डर वाढवून मागतो आणि प्राधिकरण, म्हणजे महारेरा, अटी पाहून वाढवून देतं. पण ही मुदत बिल्डर आणि प्राधिकरण यांच्यातली. तुमचा हक्क येतो कलम 18 मधून, आणि तिथे शब्द आहेत ते विक्रीच्या करारातल्या तारखेचे. नोव्हेंबर 2020 मध्ये इम्पेरिया स्ट्रक्चर्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं, की नोंदणीची मुदत पुढची आहे म्हणून खरेदीदाराचा हक्क पुढे ढकलला जात नाही, ताब्याचा काळ करारावरूनच मोजायचा. त्याआधी 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही नीलकमल रिअल्टर्सच्या निकालात विलंब करारातल्या तारखेपासूनच धरला होता. तेव्हा तुमचं घड्याळ 1 जानेवारी 2024 ला सुरू झालं आणि ते चालूच आहे. पूरक करारावर सही केलीत तर तुम्ही स्वतःच्या हाताने त्याचे काटे डिसेंबर 2026 वर नेऊन ठेवाल. बिल्डरला सहीची एवढी घाई का, हे आता लक्षात येईल.

तरीही करार काढून ताब्याचं कलम एकदा नीट वाचा. महाराष्ट्राच्या नियमांतल्या आदर्श करारात, म्हणजे ठरवून दिलेल्या नमुन्यात, तारखेच्या खाली एक सवलत असते : युद्ध, नागरी अशांतता, नैसर्गिक आपत्ती, किंवा सरकारची वा न्यायालयाची नोटीस अथवा आदेश यामुळे काम अडलं तर वाजवी वाढीव वेळ. काही करारांत सहा महिन्यांचा ‘ग्रेस’ वेगळा लिहिलेला असतो. तो असेल तर तुमची मोजणी त्याच्यानंतर सुरू होईल. ‘महापालिकेची परवानगी उशिरा आली’, ‘वाळू मिळेना’, ‘मजूर गावी गेले’ ही नेहमीची कारणं या कलमात आपोआप बसत नाहीत. आणि कोविडचं नाव निघालं तर एकच विचारा, ऑगस्ट 2021 मध्ये दोन लाटा बघून झाल्यावर डिसेंबर 2023 ही तारीख कोणी लिहिली?

कलम 18 तुमच्यापुढे दोन वाटा ठेवतं. एक म्हणजे प्रकल्पातून बाहेर पडायचं आणि भरलेली सगळी रक्कम व्याजासह परत घ्यायची. दुसरी म्हणजे घर सोडायचं नाही आणि ताबा मिळेपर्यंत दर महिन्याच्या विलंबाचं व्याज घ्यायचं. निवड तुमची, बिल्डरची नाही. व्याजाचा दरही त्याच्या मर्जीवर नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे स्टेट बँकेच्या सर्वांत वरच्या एमसीएलआरमध्ये, म्हणजे बँक कर्जांसाठी जो पायाभूत व्याजदर ठरवते त्यात, 2 टक्के मिळवायचे. हा दर बदलत राहतो, मी हिशेबासाठी 11 टक्के धरतो. तुम्ही आदेशाच्या दिवशीचा दर घाला.

राहण्याच्या वाटेचा हिशेब करू. तुमच्या पावत्या माझ्यासमोर नाहीत, म्हणून समजा, 48 पैकी 45 लाख डिसेंबर 2023 पूर्वी गेले आणि 3 लाख जून 2024 च्या शेवटी. 45 लाखांवर महिन्याचं व्याज 41,250 रुपये. जानेवारी 2024 ते डिसेंबर 2025 हे 24 महिने, म्हणजे 9,90,000. नंतरच्या 3 लाखांवर महिन्याला 2,750, आणि ते जुलै 2024 पासूनच, म्हणजे 18 महिन्यांचे 49,500. एकूण 10,39,500 रुपये, आणि पुढे दर महिन्याला 44,000. व्याज सरळ धरलंय, चक्रवाढ नाही. उशिराने भरलेल्या रकमेवर मागच्या तारखेपासून व्याज मागायची चूक पुष्कळ जण करतात, आणि समोरचा वकील नेमकी तीच दाखवून सगळा तक्ता संशयात ओढतो. म्हणून बँकेने थेट बिल्डरला सोडलेल्या प्रत्येक हप्त्याची तारीख कर्जखात्याच्या उताऱ्यावरून घ्या, आठवणीवरून नको.

आता हा आकडा तुमच्या उरलेल्या 12 लाखांशेजारी ठेवून पाहा. फरक 1,60,500 चा. महिन्याला 44,000 वाढत असताना चार महिन्यांच्या आत तोही मिटतो. म्हणजे तुमचं व्याज वसूल करण्याची सर्वांत खात्रीची तिजोरी तुमच्याच खिशात आहे, आणि तीच रिकामी करायला बिल्डर तुम्हाला सांगतोय.

हे जरा सावकाश सांगतो, कारण तुमच्या प्रकरणाचा सगळा जीव यातच आहे. महारेराचा आदेश मिळवणं एक, आणि पैसा हातात पडणं वेगळं. आदेश होऊनही बिल्डरने दिलं नाही, तर अंमलबजावणीसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. मग कलम 40 खाली वसुलीचं वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं आणि जमीन महसुलाची थकबाकी वसूल करतात तशी तहसीलदारामार्फत वसुली होते. कागदावर हे जबरदस्त वाटतं. प्रत्यक्षात तहसील कार्यालयात त्या वॉरंटच्या मागे हेलपाटे मारावे लागतात, आणि जप्त करण्यासारखं बिल्डरच्या त्या कंपनीच्या नावावर काही असावं लागतं. एकेका प्रकल्पासाठी वेगळी कंपनी किंवा एलएलपी काढलेली असते आणि तिच्याकडे त्या इमारतीखेरीज काहीच नसतं. शिवाय काम चालू असलेल्या प्रकल्पात व्याजाची रक्कम ताब्याच्या वेळी द्यावी किंवा बाकी रकमेतून वळती करावी, असे आदेश महारेराकडून बरेचदा होताना दिसतात. पैसा बाहेर गेला तर बांधकामच थांबेल, हा त्यामागचा विचार. कित्येकांना हा आदेश ऐकून वाईट वाटतं. तुम्हाला वाटायचं कारण नाही, कारण वळती करायला तुमच्याकडे 12 लाख शिल्लक आहेत. ज्याने 95 टक्के भरून टाकलेत त्याच्याकडे ते नसतात.

मात्र एक पथ्य पाळा. ‘माझं व्याज येणं आहे, मी उरलेले भरत नाही’ असं परस्पर ठरवून गप्प बसू नका. तुमचे हप्ते थकले तर बिल्डरलाही त्याच दराने व्याज मागता येतं, आणि करारात थकबाकीवरून नोटीस देऊन करार रद्द करण्याचं कलम असतं. म्हणून आधी बघा, की 12 लाख खरोखर देय झालेत का. आदर्श करारातल्या टप्प्यांप्रमाणे बाहेरचं प्लास्टर, बाहेरचं प्लंबिंग आणि गच्चीचं वॉटरप्रूफिंग पूर्ण झाल्यावर 85 टक्क्यांपर्यंत जाता येतं. लिफ्ट, पंप, विजेची जोडणी, प्रवेशद्वाराची लॉबी झाल्यावर 95 पर्यंत. आणि शेवटचे 5 टक्के भोगवटा प्रमाणपत्रानंतर, ताब्याच्या वेळी. तुम्ही 80 टक्के भरलेत आणि प्लास्टर अर्धवट आहे, म्हणजे तुमचा करार या नमुन्यावर असेल तर आजघडीला एक रुपयाही देय नाही. हेच ईमेलने लिहून कळवा, प्लास्टरचे आणि लिफ्टच्या रिकाम्या खोबणीचे फोटो जोडून. पुढे एखादा टप्पा खरंच पूर्ण झाला आणि डिमांड लेटर आलं, तर लेखी उत्तर द्या की व्याजाची रक्कम यातून वळती करावी अशी मागणी महारेरासमोर आहे. आणि महारेराकडून त्या मुद्द्यावर अंतरिम आदेश मागा. पत्राला उत्तर न देणं हीच सर्वांत महाग चूक ठरते.

‘फर्निचरसाठी किल्ली’ हाही त्याच माळेतला मणी. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, मिळण्याआधी घेतलेला ताबा कायद्याच्या दृष्टीने ताबा नव्हेच. ओसी मिळाल्यावर दोन महिन्यांत ताबा घेणं हे रेरात तुमचं कर्तव्य आहे, त्याआधी नाही. मंजूर नकाशातली लिफ्ट बसवल्याशिवाय तुमच्या इमारतीला ओसी मिळणं कठीण. पण तुम्ही किल्ली घेताना ज्या पावतीवर सही कराल तिच्यावर ‘सदनिकेचा ताबा समाधानपूर्वक मिळाला’ असं छापलेलं असणार, आणि उद्या बिल्डर म्हणणार, व्याज त्या दिवशी थांबलं. सुतार आणि गॅसवाला थोडे दिवस थांबू देत.

बाहेर पडण्याबद्दल विचारलंत. हक्क पक्का आहे. नोव्हेंबर 2021 च्या न्यूटेक प्रमोटर्सच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने परताव्याचा हक्क बिनशर्त म्हटलाय. काय अडचणी आल्या, कोर्टाची स्थगिती होती का, याने तो मोडत नाही. इथे व्याज प्रत्येक रक्कम भरल्याच्या तारखेपासून मागायचं असतं. ऑगस्ट 2021 मध्ये दिलेल्या 6 लाखांवरच डिसेंबर 2025 पर्यंतच्या 52 महिन्यांचे 2,86,000 होतात, तेव्हा एकूण आकडा राहण्याच्या वाटेपेक्षा मोठा दिसेल. पण मोठा आकडा पाहून भुलू नका. ज्या बिल्डरकडे परत द्यायला पैसे आहेत, त्याची इमारत बहुधा पुरी होत आलेली असते आणि तुमचा फ्लॅट तो आजच्या भावाने दुसऱ्याला विकेल. 2021 च्या किमतीत तुम्हाला त्या भागात पुन्हा घर मिळणार नाही. आणि ज्याचं काम पायापाशीच मेलंय, ज्याच्यातून बाहेर पडावंसं खरोखर वाटतं, त्याच्याकडे द्यायला काही नसतं. शिवाय परतावा आला की आधी बँकेचं कर्ज फिटतं, उरेल ते तुमचं.

माझं मत विचाराल तर तुमच्यासारख्या स्थितीत, स्लॅब पडलेत, टाइल्स लागल्यात, तिथे राहून व्याज घ्यावं. फक्त ते मत पक्कं करण्याआधी दोन गोष्टी तपासा. maharera.maharashtra.gov.in वर प्रकल्पाचं नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून तिमाही अहवाल उघडा. आर्किटेक्टने लिहिलेली कामाची टक्केवारी गेल्या तीन-चार तिमाहींत हलली आहे का, न विकलेले फ्लॅट किती आहेत, आणि जमिनीवर कोणाचं कर्ज आहे, हे तिथे कळतं. अहवालच भरलेले नसतील तर ती वाईट खूण. दुसरं, कामाच्या दिवशी सकाळी साडेदहाला साइटवर जा, रविवारी नको. वॉचमन, एक मिक्सर आणि दोन माणसं दिसली तर काम ‘चालू’ नाही, चालू दाखवलं जातंय. असं असेल तर मला पुन्हा लिहा, तेव्हा उत्तर वेगळं असेल.

बाहेर पडायचंच ठरवलंत तर एक तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. स्टॅम्प ड्युटी परत मिळते, पण ताबा घेण्यापूर्वी आणि करार केल्यापासून पाच वर्षांच्या आत नोंदणीकृत रद्दलेख झाला तरच, आणि त्या रद्दलेखाच्या नोंदणीपासून सहा महिन्यांत अर्ज केला तरच. तुमची पाच वर्षं ऑगस्ट 2026 ला भरतात. 60 लाखांवर 6 टक्क्यांनी भरली असेल तर रक्कम 3,60,000 आहे. बिल्डरशी तडजोडीची बोलणी लांबवत ती घालवू नका. आणि रद्दलेखावर सही पैसे खात्यात आल्याशिवाय किंवा निदान डिमांड ड्राफ्ट हातात असल्याशिवाय करू नका.

राहायचं ठरवल्यावर काय करायचं ते साधं आहे. आधी मागणीची नोटीस. वकिलाची नोटीस असली तर चांगलंच, पण तुमच्या दोघांच्या सहीचीही चालते. ईमेल करा आणि स्पीड पोस्टाने पोच मागवून पाठवा. मजकूर लांबट नको :

‘दि. … च्या नोंदणीकृत करारातील कलम … नुसार सदनिका क्र. … चा ताबा 31 डिसेंबर 2023 पर्यंत देणे होते. तो दिलेला नाही. आम्ही प्रकल्पातून बाहेर पडत नाही. रेरा कायद्याच्या कलम 18 नुसार 1 जानेवारी 2024 पासून भोगवटा प्रमाणपत्रासह प्रत्यक्ष ताबा मिळेपर्यंतचे व्याज सोबतच्या तक्त्यानुसार 15 दिवसांत द्यावे अथवा बाकी रकमेतून वळते केल्याचे लेखी कळवावे. करारातील तारखेत कोणताही बदल आम्हाला मान्य नाही.’

शेवटचं वाक्य वगळू नका. बहुतेक नोटिसांना उत्तर येत नाही किंवा ‘या, बसून बोलू’ येतं. बसा, पण तिथे काही सही करू नका आणि घरी आल्यावर काय बोलणं झालं ते ईमेलने त्यांना लिहून पाठवा. मग महारेराच्या पोर्टलवर तक्रार, शुल्क 5,000 रुपये. सोबत करार, इंडेक्स टू, सगळ्या पावत्या, कर्जखात्याचा उतारा, नोटीस आणि तिची पोच, व्याजाचा तक्ता. मागण्यांत तीन गोष्टी हव्यातच : व्याज, त्याची बाकीतून वळती, आणि निकाल लागेपर्यंत तुमचा करार रद्द करण्यास व फ्लॅट दुसऱ्याला देण्यास मनाई. वकील सक्तीचा नाही. सुनावणीची पाळी यायला बरेच महिने जाऊ शकतात, त्यामुळे आज अर्ज करणं आणि गणपतीनंतर करणं यात फरक पडतो. मधे सलोखा मंचाचा पर्याय विचारतील. दोन बैठकांत बिल्डर आकड्यावर बोलत नसेल तर उठून या आणि तक्रार पुढे चालवा. बिल्डर आदेशाविरुद्ध अपिलात गेला, तर अपील ऐकलं जाण्याआधी त्याला तुम्हाला द्यायची पूर्ण रक्कम तिथे जमा करावी लागते. नुसतं वेळ काढायला अपील करणाऱ्याला हे कलम चांगलंच जड जातं.

घरभाड्याचं आणि मनस्तापाचं काय, हेही मनात असेल. ती नुकसानभरपाई महारेराचे न्यायनिर्णय अधिकारी ठरवतात, तो अर्ज वेगळा. ग्राहक आयोगातही जाता येतं, आणि तुम्ही दिलेली रक्कम 50 लाखांच्या आत असल्याने तुमचं प्रकरण जिल्हा आयोगातच बसेल. पण एकाच मागणीसाठी दोन दारं ठोठावता येत नाहीत. तुमच्याकडे 12 लाखांची बाकी आहे आणि वळती हेच लक्ष्य आहे, म्हणून मी महारेरा निवडेन. इमारतीतल्या काही जणांनी एनसीएलटीचं, म्हणजे कंपन्यांची दिवाळखोरी हाताळणाऱ्या न्यायाधिकरणाचं, नाव काढलं असेल तर त्यात घाईने सामील होऊ नका. त्यासाठी प्रकल्पातले 100 खरेदीदार किंवा एकूण खरेदीदारांपैकी 10 टक्के, यांतला जो आकडा कमी असेल तितके एकत्र यावे लागतात. एनसीएलटीने अर्ज दाखल करून घेतला की कंपनीविरुद्धच्या सगळ्या वसुलीवर स्थगिती येते, तुमच्यासुद्धा. बंद पडलेल्या प्रकल्पासाठी ते हत्यार ठीक. प्लास्टर चालू असलेल्या इमारतीवर चालवलं तर काम तिथेच थांबायचा धोका. मात्र दुसऱ्या कोणी तसा अर्ज केला आणि तो दाखल करून घेतला गेला, तर जाहीर सूचनेतल्या मुदतीत फॉर्म सीए भरून तुमचा दावा नोंदवा.

राहिला बँकेचा हप्ता. थांबवू नका. कर्जाचा करार तुमचा आणि बँकेचा आहे, बिल्डरच्या उशिराने तो थांबत नाही. सिबिल तुमचं बिघडेल. पण बँकेला आज एक पत्र द्या : बाहेरचं प्लास्टर आणि लिफ्ट अपूर्ण असल्याने आमच्या लेखी संमतीशिवाय बिल्डरला पुढची रक्कम सोडू नये. तुमच्या कर्जातले सोडायचे काही पैसे अजून उरले असतील, तर बिल्डरचं डिमांड लेटर थेट शाखेत जातं आणि कधीकधी तुम्हाला कळण्याआधीच पैसे सुटतात. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का घ्या.